तीन ओळी आणि त्या न हलवणाऱ्या चार अदलाबदली

कॅरमची डबल्स खेळायला चार जण बसले आहेत: अ, ब, क आणि ड. कोण कोणाचा भिडू होणार, याच्या शक्यता तीनच आहेत. त्या कागदावर लिहून काढू.

पहिली ओळ: अब | कड
दुसरी ओळ: अक | बड
तिसरी ओळ: अड | बक

आता नावांची अदलाबदल करायची. एखादा नियम ठरवायचा, समजा ‘अ असेल तिथे ब लिहा आणि ब असेल तिथे अ’, आणि त्या नियमाने तिन्ही ओळी पुन्हा लिहायच्या. चार नावांच्या अशा अदलाबदली २४ होतात. त्यात ‘काहीच बदलू नका’ हीसुद्धा धरली आहे. एका अदलाबदलीवर दुसरी केली तरी शेवटी होते ती अदलाबदलच, आणि केलेली प्रत्येक अदलाबदल उलट करून मूळपदावर येता येतं. अशा संचाला गणितात ग्रुप म्हणतात.

वरचा नियम लावून पाहू. पहिल्या ओळीत अब चं बअ होतं, पण जोडी तीच राहते, म्हणजे ओळ जागची हलली नाही. दुसऱ्या ओळीतल्या अक | बड चं मात्र बक | अड होतं, आणि ही तर तिसरी ओळ. तिसरीची तशीच दुसरी होते. थोडक्यात, नावं चार हलवली तरी आपल्याला दिसते ती तीन ओळींची हालचाल.

आठ राखणारे

पहिली ओळ जिच्या तिथे ठेवणाऱ्या अदलाबदली किती? अ आणि ब यांची आपसात अदलाबदल करा किंवा नका करू. क आणि ड यांचंही तसंच. आणि दोन जोड्या एकमेकींच्या जागी न्या किंवा नका नेऊ. दोन गुणिले दोन गुणिले दोन, म्हणजे आठ. या आठांचा स्वतःचा एक लहान ग्रुप होतो. त्याला सबग्रुप म्हणायचं आणि H हे नाव द्यायचं.

उरलेल्या सोळांपैकी आठ अदलाबदली पहिल्या ओळीची दुसरी करतात आणि आठ तिची तिसरी करतात. २४ चे असे आठ-आठचे तीन वाटे पडले. या वाट्यांना H चे कोसेट म्हणतात. प्रत्येक वाट्याला एक ओळ मिळाली आहे, म्हणून ‘ग्रुप कोसेटांवर कसा चालतो’ आणि ‘अदलाबदली ओळींना कुठे नेतात’ हे दोन्ही प्रश्न एकच आहेत. कुठलाही ग्रुप आणि त्याचा कुठलाही सबग्रुप घेतला तरी अशा ओळी मांडता येतात. पहिल्या ओळीच्या जागी तो सबग्रुप स्वतः बसतो आणि बाकीच्या जागी त्याचे इतर कोसेट.

आता मुख्य प्रश्न. नावं हलली, पण तिन्ही ओळी जागच्या जागी राहिल्या, अशा अदलाबदली कोणत्या? पहिली ओळ राखायची असल्याने त्या H च्या आठांतच शोधायच्या. फक्त अ आणि ब बदलले तर दुसरी-तिसरी ओळ हलते, हे आपण पाहिलं. पण अ-ब आणि क-ड हे दोन्ही बदल एकदम केले, तर दुसऱ्या ओळीचं बड | अक होतं, म्हणजे तीच ओळ. तिसरीचंही तसंच. अ-क आणि ब-ड एकदम बदलले तरी तिन्ही ओळी राहतात, आणि अ-ड व ब-क बदलले तरीही. या तीन आणि ‘काहीच बदलू नका’ ही चौथी. आठांतल्या बाकीच्या चारही दुसरी-तिसरी ओळ हलवतात. ओळींकडे पाहणाऱ्याला ज्यांचा पत्ताच लागत नाही, अशा या चार अदलाबदलींच्या संचाला कर्नल म्हणतात.

कर्नल नॉर्मल का, आणि सर्वांत मोठा का

प्रमेय असं सांगतं, की हा कर्नल म्हणजे H च्या आत मावणारा सर्वांत मोठा नॉर्मल सबग्रुप. नॉर्मल म्हणजे काय? ग्रुपमधली कुठलीही अदलाबदल g घ्या. आधी g उलट करा, मग सबग्रुपमधली एक अदलाबदल करा, आणि शेवटी g करा. या तिन्हींची मिळून जी एक अदलाबदल होते, ती दर वेळी त्याच सबग्रुपमध्ये सापडली, तर तो सबग्रुप नॉर्मल.

कर्नल या कसोटीला उतरतो, हे लगेच दिसतं. g उलट केल्यावर ओळी कुठेतरी गेल्या. कर्नलमधल्या अदलाबदलीने त्या हलल्याच नाहीत. मग g ने त्यांना आपापल्या जागी परत आणलं. एकंदरीत एकही ओळ हलली नाही, म्हणजे तिन्ही मिळून झालेली अदलाबदलही कर्नलमधलीच.

आता ‘सर्वांत मोठा’ हा भाग. H च्या आत कुठलाही नॉर्मल सबग्रुप असो, त्यातली एक अदलाबदल घ्या. ती H मधली असल्याने पहिली ओळ राखते. दुसरी राखते का? पहिल्या ओळीला दुसरीवर नेणारी एक g घ्या. पहिल्या ओळीवरून g ने दुसरीवर जा, तिथे आपली अदलाबदल करा, आणि g उलट करून परत या. सबग्रुप नॉर्मल असल्याने ही तिन्ही मिळून होणारी अदलाबदल त्याच सबग्रुपमध्ये आहे, म्हणून H मध्ये आहे, म्हणून पहिली ओळ राखते. म्हणजे आपण पहिलीवरून निघून पहिलीवरच आलो; तेव्हा मधल्या पायरीने दुसरी ओळ हलवलेली असणं शक्य नाही. प्रत्येक ओळीसाठी हेच म्हणता येतं. म्हणून H च्या आतला प्रत्येक नॉर्मल सबग्रुप कर्नलच्या पोटात येतो.

याच विचारातून कर्नल काढायची रीतही मिळते. दुसरी ओळ राखणारा संच म्हणजे gHg⁻¹, तिसरीसाठी g दुसरी घ्यायची. असे सगळे संच लिहा आणि त्यांच्यात सामाईक काय आहे ते पाहा. आपल्या उदाहरणात आठ-आठांच्या तीन संचांत तेच चार सामाईक निघतात.

इथे एक घोटाळा नेहमी होतो. H मध्ये चारांचा आणखी एक सबग्रुप आहे: काहीच न बदलणं, फक्त अ-ब बदलणं, फक्त क-ड बदलणं, आणि दोन्ही बदलणं. H पुरतं पाहिलं तर तोही नॉर्मल आहे. पण प्रमेयाला हवा आहे तो पूर्ण २४ च्या ग्रुपमध्ये नॉर्मल असलेला सबग्रुप. g म्हणून अ-क ची अदलाबदल घेतली की ‘अ-ब बदला’ चं ‘क-ब बदला’ होतं, आणि ते H मध्येसुद्धा नाही. तपासताना g हा H च्या बाहेरचा घेऊन पाहिला नाही, तर ही चूक ध्यानात येत नाही.

लाग्रांजचं कोडं

या तीन ओळींना गणिताच्या इतिहासात मानाचं स्थान आहे. चौथ्या घाताच्या समीकरणाची उकल फेरारीने शोधली आणि ती कार्दानोच्या १५४५ च्या ‘आर्स माग्ना’ या ग्रंथात छापली गेली. ती चालते का, याचा उलगडा जोसेफ-लुई लाग्रांजने १७७०-७१ मध्ये केला. समीकरणाची चार उत्तरं अ, ब, क, ड धरा आणि अ×ब + क×ड ही राशी पाहा. उत्तरांची कशीही अदलाबदल केली तरी तिच्या किमती तीनच होतात, आपल्या तीन ओळींइतक्याच. या तीन किमती ज्याची उत्तरं आहेत असं तिसऱ्या घाताचं समीकरण मूळ समीकरणाच्या सहगुणकांवरून लिहिता येतं. चौथ्या घाताचा प्रश्न असा तिसऱ्यावर येतो, आणि कर्नलमधल्या चार अदलाबदलींचं काम वर्गमुळांनी निभावतं.

मग पाचव्या घाताला काय अडचण आहे? पाच उत्तरांची अशी राशी हवी, जिच्या किमती तीन किंवा चारच होतील. लाग्रांजला मिळाली ती सहा किमतींची. म्हणजे पाचव्या घातातून सुटायला गेलं, तर सहाव्यात अडकायचं. कमी किमतींची राशी असूच शकत नाही हे रुफिनीने १७९९ मध्ये मांडलं, आणि कोशीने १८१५ मध्ये त्याहून व्यापक प्रमेय सिद्ध केलं. त्या काळी आजची भाषा नव्हती. आपल्या प्रमेयाने मात्र हे काम चार ओळींत होतं.

पाच नावांच्या अदलाबदली १२०. किमती तीनच असतील, तर राशी जशीच्या तशी राखणारा सबग्रुप १२० भागिले ३, म्हणजे ४० चा. तीन ओळी हलवायचे प्रकार फार तर सहा. १२० अदलाबदली सहा किंवा कमी प्रकारांत वाटल्या जातात आणि प्रत्येक प्रकाराच्या वाट्याला कर्नलइतक्याच अदलाबदली येतात, म्हणून कर्नल किमान २० चा हवा. तो ४० च्या आत मावायला हवा आणि नॉर्मलही असायला हवा. पण १२० च्या या ग्रुपमध्ये नॉर्मल सबग्रुप तीनच आहेत: एकाचा, ६० चा आणि पूर्ण १२० चा. वीस ते चाळीसच्या मध्ये एकही नाही. तेव्हा तीन किमती अशक्य.

चार किमतींचंही तेच. राखणारा सबग्रुप ३० चा, ओळी हलवायचे प्रकार फार तर २४, म्हणून कर्नल किमान पाचचा. पाच ते तीसच्या मध्येही नॉर्मल सबग्रुप नाही.

सहा किमतींना मात्र हा हिशेब अडवत नाही. सहा ओळी हलवायचे प्रकार ७२० आहेत, म्हणून कर्नलमध्ये एकटी ‘काहीच बदलू नका’ असली तरी चालतं. आणि तिथे तसंच घडतं. राखणारा सबग्रुप २० चा आहे आणि त्याच्या पोटात मोठा नॉर्मल सबग्रुप नाही. १२० अदलाबदलींपैकी प्रत्येक जण सहा ओळींवर आपला वेगळा ठसा उमटवते, काहीच दबून राहत नाही, म्हणून मूळ प्रश्नातली गुंतागुंत तिळभरही कमी होत नाही. चार नावांच्या बाबतीत २४ पैकी चार अदलाबदली कर्नलमध्ये लपल्या आणि ओळींवर सहाच प्रकार दिसले. सवलत मिळाली ती तिथे.

एवढ्याने पाचव्या घाताचं समीकरण मुळांच्या चिन्हांनी सुटत नाही हे सिद्ध होत नाही. फक्त लाग्रांजची वाट बंद आहे, इतकंच कळतं. बाकीच्या सगळ्या वाटाही बंद असल्याची सिद्धता आबेलने १८२४ मध्ये दिली. आणि कोणतं विशिष्ट समीकरण सुटेल व कोणतं नाही, हे त्याच्या ग्रुपमधल्या नॉर्मल सबग्रुपांवरून ठरतं, हे गाल्वाने ओळखलं. त्याचं लेखन छापून आलं ते त्याच्या मृत्यूनंतर चौदा वर्षांनी, १८४६ मध्ये.