सुप्याचे जळालेले रोखे आणि सरकारचा अहवाल

१२ मे १८७५. पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात आसपासच्या गावांतले शेतकरी जमले आणि त्यांनी सावकारांच्या पेढ्यांवर चाल केली. त्यांची मागणी पैशांची नव्हती, कागदांची होती. वह्या, खाती, कर्जरोखे बाहेर काढून भर रस्त्यात जाळले गेले. धान्याची दुकाने लुटली गेली, काही सावकारांच्या घरांना आगीही लागल्या. मग हे लोण अहमदनगर जिल्ह्यात पोचले. तीसहून अधिक गावे त्यात ओढली गेली.

तीन वर्षांनी, १८७८ साली, या प्रकरणाच्या चौकशीचा जाडजूड अहवाल ब्रिटिश पार्लमेंटपुढे ठेवला गेला. 'डेक्कन रायट्स कमिशन'चा हा अहवाल इतिहासाचे विद्यार्थी आजही वाचतात. एनसीईआरटीच्या बारावीच्या पुस्तकात वसाहतकालीन खेड्यांच्या प्रकरणात तो उदाहरण म्हणून घेतला आहे. कार्यपत्रिकेवर त्याच्याखाली प्रश्न असतो: हे साधन किती विश्वसनीय आहे? त्यात पक्षपात दिसतो का? चार-पाच ओळींत उत्तर लिहा.

पुष्कळ मुलांचे उत्तर एका ओळीत संपते: अहवाल इंग्रजांनी लिहिला, म्हणून तो पक्षपाती, म्हणून अविश्वसनीय. यातला पहिला भाग बराचसा खरा आहे. चूक आहे ती दुसऱ्या 'म्हणून'मध्ये. कल असलेला माणूसही पुष्कळ खरे सांगतो. तो कुठल्या बाबतीत खरे सांगेल आणि कुठे त्याची जीभ अडखळेल, हे शोधणे हेच त्या प्रश्नाचे काम. त्यामुळे 'अहवाल विश्वसनीय आहे का' या प्रश्नाला आधी उलट प्रश्न विचारावा लागतो: कशासाठी?

कार्यपत्रिकेतला पहिला प्रश्न सहसा असतो, हा दस्तऐवज कोणी, कोणासाठी आणि का तयार केला. इथे थोडी हकीकत माहीत असावी लागते. मुंबई सरकारला आधी हे प्रकरण फारसे गंभीर वाटले नव्हते. पण १८५७ च्या आठवणीने धास्तावलेल्या हिंदुस्थान सरकारने दबाव आणला, तेव्हा आयोग नेमला गेला. सरकारने आकारलेला शेतसारा या उठावाचे कारण होता का, हे आयोगाने खास करून तपासायचे होते. म्हणजे आरोपीच्या पिंजऱ्यात सरकार होते आणि न्यायासनावरची माणसेही सरकारनेच बसवलेली होती. निकाल काय लागला? साऱ्यामुळे शेतकरी भडकले नाहीत, दोष सावकारांचा. एवढे चार वाक्यांत लिहिले, की पहिले उत्तर पुरे होते.

नावही तपासावे. अहवालाच्या मथळ्यातच 'दंगे' आहेत. दंगा म्हटला की तो पोलिसांचा विषय होतो. गावोगावच्या माणसांनी ठरवून कर्जाचे कागद नष्ट केले, असे म्हटले की तोच प्रसंग वेगळा दिसू लागतो. गंमत अशी, की हा दुसरा अर्थ काढायला लागणारा पुरावा अहवालातच आहे. दंगेखोरांचा रोख रोख्यांवर होता. सावकाराने ते मुकाट्याने दिले तर बहुधा पुढे काही घडत नसे, नकार दिला तरच धाकदपटशा व्हायचा, असे आयोगानेच नोंदवले आहे. मथळा एक सांगतो आणि आतला तपशील दुसरेच. असा तपशील फार मोलाचा असतो, कारण लिहिणाऱ्याच्या सोयीचा नसतानाही तो लिहिला गेलेला असतो.

आता अहवालाची भक्कम बाजू. आयोगाने गावांतून चौकशी केली, शेतकरी, सावकार आणि प्रत्यक्षदर्शी यांच्या जबान्या घेतल्या, शेतसारा, बाजारभाव आणि व्याजदर यांची आकडेवारी गोळा केली. एका प्रकरणात तर शंभर रुपयांच्या कर्जावर दोन हजारांहून अधिक व्याज आकारल्याचे आढळले. वाचणाऱ्याला पहिली शंका येते, की हा सावकाराला बदनाम करण्यासाठी फुगवलेला आकडा असेल. ही शंका रास्त आहे, आणि ती हिशेब मांडूनच तपासता येते.

जुना संकेत दामदुप्पटीचा: व्याज कितीही साचले तरी ते मुद्दलाहून जास्त घ्यायचे नाही. इंग्रजांनी १८५९ मध्ये मुदतीचा कायदा केला आणि रोख्याची वैधता तीन वर्षांवर आणली. व्याज फार साचू नये, हा हेतू. सावकारांनी त्यातून वाट काढली. दर तीन वर्षांनी जुना रोखा रद्द करायचा, थकलेले व्याज मुद्दलात मिळवायचे आणि सगळ्या रकमेचा नवा रोखा लिहून घ्यायचा. समजा, शंभर रुपये दरमहा शेकडा दोन रुपये व्याजाने घेतले आणि मध्ये काहीच फेड झाली नाही. तीन वर्षांनी नवा रोखा १७२ रुपयांचा. सहा वर्षांनी २९६ चा, म्हणजे दामदुप्पट इथेच ओलांडली. नऊ वर्षांनी ५०९, पंधरा वर्षांनी दीड हजार, अठराव्या वर्षी अडीच हजारांवर. कागदावर मात्र प्रत्येक वेळी 'मुद्दल' नवे असल्याने ते नियमात बसते.

म्हणजे दोन हजारांचा आकडा अशक्य नाही. रोखे बदलण्याच्या पद्धतीतून तो निघू शकतो. शिवाय अहवालाच्या या भागावर विश्वास ठेवायला आणखी एक कारण आहे. इथे नुसता सावकार उघडा पडत नाही, तर सरकारचाच कायदा आणि सरकारचीच दिवाणी न्यायालये सावकाराच्या हाती कशी सापडली, तेही उघड होते. स्वतःला अडचणीची ठरणारी कबुली कोणी सहसा रचून देत नाही. कार्यपत्रिकेत लिहावे ते असे: कर्जाच्या व्यवहारांबाबत हा अहवाल बराच विश्वसनीय, कारण आकडे पद्धतीशी जुळतात आणि काही माहिती सरकारच्याही विरोधात जाते.

साऱ्याच्या प्रश्नाशी आले की मात्र सावध व्हावे लागते. इंदापूर तालुक्यात १८३६ साली तीस वर्षांसाठी सारा ठरवला गेला होता. ती मुदत साठच्या दशकात संपली आणि फेरआकारणी सुरू झाली, ती नेमकी तेजीच्या काळात. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध चालू होते, तिथला कापूस इंग्लंडला मिळेना, म्हणून इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि सावकारांनी कर्जासाठी हात सैल सोडला. युद्ध संपताच भाव पडले, सावकारांनी हात आखडला. सारा मात्र वाढीव दराने मागितला जाऊ लागला. काही ठिकाणी वाढ पन्नास ते शंभर टक्के होती. सारा रोखीत आणि ठरल्या हप्त्यात भरायचा; पैसा हाती नसला की शेतकरी जाणार कुठे? सावकाराकडेच. एका हाताने नेलेला सारा दुसऱ्या हाताने कर्ज होऊन वहीत उमटत असे. सावकार दोषी आणि सारा निर्दोष, अशी वाटणी करताना आयोगाने हीच जोडणी तोडली, असे म्हणण्यास जागा आहे.

ते म्हणण्यासाठी दुसरे साधन हवे. पुणे सार्वजनिक सभेने दंग्यांच्या आधीच, १८७३ मध्ये, शेतकऱ्यांच्या स्थितीवर अहवाल प्रसिद्ध केला होता आणि त्यात वाढत्या साऱ्याकडे बोट दाखवले होते. तो दंगे होण्यापूर्वी लिहिलेला, म्हणून दंग्यांचे निमित्त करून रचलेला नाही. त्यालाही तेच प्रश्न विचारायला हवेत. सभेत पुढाकार पुण्याच्या सुशिक्षित, उच्चवर्णीय मंडळींचा होता आणि सारा कमी करण्यात जमीन बाळगणाऱ्यांचे हितसंबंध होते. तरी आणखी एक साक्ष आहे, तीही घरातली: आयोगाचे एक सदस्य ऑकलंड कॉल्विन यांनी साऱ्यावर वेगळे टिपण लिहिले आणि महसुली धोरणाला दोष दिला. ज्यांचे हितसंबंध एक नाहीत अशा दोन जागांहून एकच तक्रार येते, तेव्हा आयोगाचा निष्कर्ष जसाच्या तसा स्वीकारता येत नाही.

उरतो तो शेतकऱ्याचा आवाज. मुले इथे हुशारीने लिहितात, की जबान्या शेतकऱ्यांच्याच असल्याने त्या खऱ्या. नगर जिल्ह्यातल्या कर्जत तालुक्यातल्या मिरजगावच्या एका रयतेचा अर्ज प्रसिद्ध आहे. सावकार उधारीचा माल रोखीपेक्षा पंचवीस ते पन्नास टक्के चढ्या भावाने देतात, शेतातले पीक उचलून नेतात, ते खात्यावर जमा करत नाहीत आणि पावती मागितली तर देत नाहीत, असे त्यात आहे. फार जवळून आलेला पुरावा आहे हा. पण पत्ता पाहावा. अर्ज कलेक्टरला केलेला आहे. ज्याच्या कचेरीत सारा भरायचा त्यालाच सारा जड झाल्याचे सांगणे सोपे नव्हते. सावकाराविरुद्ध गाऱ्हाणे मात्र साहेब ऐकून घेणार, हे गावाला ठाऊक होते. शिवाय आज हा अर्ज इंग्रजीतून वाचला जातो. मूळचे 'जुलूम', 'खाते', 'वाढीदिढी' असे शब्द भाषांतरात कुठे सपाट झाले, ते छापील पानावरून कळत नाही. अर्जात जे लिहिले आहे ते खरे मानावे, जे लिहिलेले नाही त्यावरून शेतकऱ्याला साऱ्याबद्दल तक्रारच नव्हती असे ठरवू नये.

अहवालाचा परिणामही त्याच्या कलाप्रमाणेच झाला. १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी खास कायदा आला. रोख्यावर लिहिलेल्या रकमेमागे जाऊन मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार न्यायाधीशांना मिळाला, कर्जापायी शेतकऱ्याला कैदेत टाकणे बंद झाले. त्या कायद्याचा रोख सावकाराकडे होता, साऱ्याच्या दराकडे नव्हता.

कार्यपत्रिकेचा शेवटचा प्रश्न सहसा असा असतो: हे साधन पडताळायला आणखी कोणती साधने पाहाल? सावकारांच्या वह्या, असे उत्तर येते आणि ते बरोबर आहे. कर्ज कधी वाढले, साऱ्याच्या हप्त्याच्या महिन्यांत वाढले की लग्नसराईत, हे त्या वह्यांतल्या तारखांवरून सरळ कळले असते. पण ज्या गावांत हा प्रश्न सर्वांत जास्त महत्त्वाचा, तिथल्याच वह्या १८७५ च्या उन्हाळ्यात राख झाल्या. मग दिवाणी न्यायालयांचे हुकूमनामे, नोंदणी झालेली गहाणखते आणि ज्या सावकारांच्या पेढ्यांपर्यंत जमाव पोचला नाही त्यांची दप्तरे, एवढ्यावर भागवावे लागते.