बोनस आणि हक्कभाग : रिलायन्सचे दोन दाखले

बोनस म्हणजे फुकटचे शेअर, असे आपण सर्रास म्हणतो. रिलायन्सने २०२४मध्ये एकास एक बोनस दिला, तेव्हा सुमारे ६,७६६ कोटींचे भागभांडवल दुप्पट झाले. पण कंपनीत एक रुपयाही आला नाही. राखीव निधीतली तेवढीच रक्कम भांडवलाच्या खात्यावर चढली. शंभराचे दोनशे शेअर झाले, भाव त्या हिशेबाने निम्म्यावर आला, हिस्सा तोच राहिला.

२०२०च्या हक्कभागात मात्र खराखुरा पैसा होता. पंधरा शेअरमागे एक, किंमत १,२५७ रुपये, तेही हप्त्यांनी. त्यांतले दहा रुपये भांडवलात, उरलेले १,२४७ प्रीमियम म्हणून राखीव निधीत. अशी उभारणी ५३,१२४ कोटींची.

ज्याच्याकडे १५० शेअर होते, त्याला दहांचा हक्क मिळाला. पैसे भरले, तर हिस्सा कायम. हक्क बाजारात विकला, तर हिस्सा एक-सोळांशाने घटला, पण मोबदला हाती आला. ज्याने काहीच केले नाही, त्याचा हिस्साही तेवढाच घटला आणि हक्क बुडाला. खरा तोटा याचाच. बाजारभावाहून स्वस्त शेअर दुसऱ्यांच्या पदरात गेले. डिमॅट खात्यात त्या हक्काची वेगळी नोंद दिसत होती, तीही मुदतीपुरतीच.