शॉर्ट झाल्यानंतरचा कॉन्टॅक्टर

साखर कारखान्याच्या रसपंपाची १५ किलोवॅटची, म्हणजे २० हॉर्सपॉवरची मोटर घेऊ. ४१५ व्होल्टवर ती पूर्ण भाराला साधारण २८ अँपिअर घेते. गाळप जोरात चालू असताना टर्मिनल बॉक्समध्ये पाणी शिरतं, तीन फेज एकमेकांना भिडतात आणि मोटर कंट्रोल सेंटरमधला म्हणजे एमसीसीमधला ब्रेकर उडतो. वायरमन बॉक्स कोरडा करतो, जळलेले लग बदलतो, मेगर लावून पाहतो. इन्सुलेशन चांगलं येतं. आता ब्रेकर चढवायचा आणि पंप सुरू करायचा, एवढंच उरतं. पण त्याच फीडरमधला कॉन्टॅक्टर आणि ओव्हरलोड रिले यांच्यातूनही तो शॉर्टचा प्रवाह गेलेला असतो. ते अजून कामाचे राहिलेत का, हा प्रश्न तिथे सहसा कोणी विचारत नाही. टाइप टू को-ऑर्डिनेशन हे नेमक्या याच प्रश्नाचं उत्तर आहे.

फीडरमध्ये तिघं एकामागोमाग एक बसलेले असतात आणि तिघांची कामं वेगळी असतात. ब्रेकर शॉर्टसर्किट तोडतो. कॉन्टॅक्टर मोटर रोज चालू-बंद करतो. ओव्हरलोड रिले मोटर जास्त तापते आहे का यावर लक्ष ठेवतो. रिले स्वतः मुख्य प्रवाह तोडत नाही, ही गोष्ट बारकाईने लक्षात घ्यायला हवी. तो फक्त कॉन्टॅक्टरच्या कॉइलचा पुरवठा तोडतो आणि मग कॉन्टॅक्टर सुटतो. कॉन्टॅक्टर सुटलाच नाही, तर रिलेने वेळेवर ट्रिप देऊनही मोटर जळते.

आणि शॉर्टनंतर कॉन्टॅक्टर न सुटण्याची भीती खरी आहे. त्याचे चांदीच्या मिश्रधातूचे कॉन्टॅक्ट स्प्रिंगच्या दाबाने एकमेकांवर टेकलेले असतात. हजारो अँपिअर वाहू लागले की प्रवाहाच्या चुंबकीय बलाने ते एकमेकांपासून उसळतात. फटीत आर्क पेटतो, पृष्ठभाग क्षणात वितळतो. तेवढ्यात ब्रेकर प्रवाह तोडतो, बल नाहीसं होतं आणि स्प्रिंग त्या वितळलेल्या धातूवरच कॉन्टॅक्ट पुन्हा दाबून धरते. धातू थिजला की दोन्ही चिकटलेले. एकच पोल चिकटला तर मोटर बंद होते, पण तिच्या टर्मिनलवर एक फेज जिवंत राहते आणि स्टॉपच्या बटणावर भरवसा ठेवून हात घालणाऱ्याच्या जिवावर बेतू शकतं. दोन पोल चिकटले तर मोटर दोन फेजवर घुरघुरत राहते आणि तिला थांबवायला रिलेचा उपयोग उरत नाही.

मोटर स्टार्टरचं मानक, आयएस/आयईसी ६०९४७-४-१, शॉर्टनंतरच्या या स्थितीचे दोन प्रकार मानतं. दोन्हींत माणसाला किंवा आजूबाजूच्या यंत्रणेला धोका होता कामा नये. टाइप वनमध्ये एवढंच पुरेसं असतं. कॉन्टॅक्टर आणि रिले निकामी झाले तरी चालतात, ते बदलायचे. टाइप टूमध्ये दोघंही पुढे वापरण्याजोगे राहिले पाहिजेत. रिलेची ट्रिप होण्याची वेळ आधीसारखीच असली पाहिजे. कॉन्टॅक्ट किंचित चिकटलेले चालतात, पण ते फारसे न वाकता सहज सुटले पाहिजेत, स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने सुटावेत तसे. टाइप टू म्हणजे काहीच बिघडणार नाही, असा समज अनेकांचा असतो. मानकाने तसं वचन दिलेलं नाही.

आता आपल्या रसपंपाच्या फीडरमधून किती प्रवाह जाईल ते पाहू. कारखान्याचा ट्रान्सफॉर्मर १००० केव्हीएचा आणि ५ टक्के इम्पिडन्सचा धरला, तर त्याचा पूर्ण भाराचा प्रवाह सुमारे १,३९० अँपिअर येतो आणि त्याच्या टर्मिनलवरच शॉर्ट झाला तर त्याच्या वीसपट, म्हणजे जवळपास २८ हजार अँपिअर. एमसीसी ट्रान्सफॉर्मरच्या शेजारी असेल, तर फीडरच्या तोंडाशी झालेल्या शॉर्टचा आकडा याच्या आसपासच असतो. तो प्रवाह एका अर्ध्या आवर्तनापुरता, म्हणजे १० मिलिसेकंद, पूर्ण वाहिला तर प्रवाहाचा वर्ग गुणिले वेळ हा हिशेब ७८ लाखांवर जातो. वितळणं आणि जळणं याच गुणाकारावर ठरतं. ३२ अँपिअरचा कॉन्टॅक्टर साधारण ४०० अँपिअर एक सेकंद सोसतो, असं धरलं तर त्याची ऐपत १ लाख ६० हजारांची. फरक जवळजवळ पन्नासपट. म्हणून ब्रेकर नुसता शॉर्ट तोडणारा असून भागत नाही. त्याने प्रवाह शिखर गाठायच्या आतच, काही मिलिसेकंदांत, आर्क ताणून प्रवाहाला बांध घालायला हवा. एचआरसी फ्यूज हे काम फार चांगलं करतो, म्हणून जुन्या एमसीसींमध्ये आजही स्विच-फ्यूज दिसतात. ब्रेकरचं मात्र मॉडेलप्रमाणे बदलतं. दोन ब्रेकरवर ५० किलोअँपिअर क्षमता लिहिलेली असली, तरी एक त्या शॉर्टमधून दुसऱ्यापेक्षा कितीतरी जास्त प्रवाह पुढे जाऊ देऊ शकतो, आणि कॉन्टॅक्टरला भोगावं लागतं ते हे पुढे गेलेलं.

पण आपला शॉर्ट एमसीसीत झाला नव्हता, मोटरच्या टर्मिनल बॉक्समध्ये झाला होता. मधे ६० मीटर केबल आहे. ती १६ चौरस मिलिमीटरची अ‍ॅल्युमिनियमची असेल, तर तिचा रोध ०.११ ओहमच्या जरासा वर भरतो. फेजचे २४० व्होल्ट त्याने भागले की प्रवाह येतो सुमारे २ हजार अँपिअर. २८ हजारांच्या जागी २ हजार, वाटतं, सुटलो. माझ्या मते या विषयातला सगळ्यात फसवा भाग हाच आहे. प्रवाह प्रचंड असतो तेव्हा ब्रेकरचे कॉन्टॅक्टही त्याच बलाने ताडकन उघडतात आणि सगळं काही मिलिसेकंदांत आटोपतं. २ हजारांवर ब्रेकरला तेवढी घाई नसते, तो आपल्या चुंबकीय ट्रिपच्या गतीने जातो. कॉन्टॅक्टरच्या स्प्रिंगला मात्र उसळी मारायला २ हजार पुरतात. कॉन्टॅक्ट थोडेसेच उचलले जातात, जास्त वेळ आर्कमध्ये तरंगतात आणि पुन्हा टेकतात. चिकटायला याहून सोयीची स्थिती नाही.

मानक करणाऱ्यांनी हे ओळखलं होतं. म्हणून टाइप टूची चाचणी दोन प्रवाहांवर होते. एक उत्पादकाने जाहीर केलेला मोठा प्रवाह, उदाहरणार्थ ५० किलोअँपिअर. दुसरा मोटरच्या आकाराप्रमाणे मानकाने ठरवून दिलेला लहान प्रवाह: १६ अँपिअरपर्यंत १ हजार, त्यापुढे ६३ अँपिअरपर्यंत ३ हजार, १२५ पर्यंत ५ हजार, असा चढत जाणारा. आपल्या २८ अँपिअरच्या मोटरसाठी ३ हजार, म्हणजे केबलच्या टोकाशी प्रत्यक्ष घडणाऱ्या शॉर्टच्या जवळपासचा. सगळं आधीच ऑन असताना शॉर्ट दिला जातो आणि कॉन्टॅक्टर मुद्दाम शॉर्टवर ऑन करूनही पाहिलं जातं. नुसतं '५० किलोअँपिअर टाइप टू' वाचून समाधान मानणाऱ्याने या दुसऱ्या आकड्याचाही अहवाल मागितला पाहिजे.

शॉर्टच्या खाली आणखी एक अवघड पट्टा आहे. दहाच्या वर्गाचा ओव्हरलोड रिले सेटिंगच्या ७.२ पट प्रवाहावर, म्हणजे आपल्याकडे २०२ अँपिअरवर, थंड स्थितीतून १० सेकंदांच्या आत ट्रिप होतो. मोटर सुरू होताना ती सहा-सात पट घेतेच, म्हणून त्याला एवढा धीर ठेवावा लागतो. फक्त चुंबकीय ट्रिप असलेला ३२ अँपिअरचा ब्रेकर साधारण १३ पटीवर, ४१६ अँपिअरवर तुटतो, आणि २० टक्के सूट धरली तर कधी ५०० पर्यंतही गप्प राहतो. मग मोटरच्या वाइंडिंगमध्ये बिघाड होऊन ४५० अँपिअर वाहू लागले तर? ब्रेकर कदाचित हलणार नाही. रिले दोन-तीन सेकंदांत कॉन्टॅक्टरला सोडायला सांगेल. मोटरच्या कामाच्या ३२ अँपिअरच्या कॉन्टॅक्टरकडून मानक किमान आठपट, म्हणजे २५६ अँपिअर तोडण्याची अपेक्षा करतं. ४५० तोडताना तो आर्क विझवू शकला नाही, तर कॉन्टॅक्टरच फुटतो. म्हणून रिले आणि ब्रेकर यांचे वक्र जिथे एकमेकांना छेदतात, तिथला प्रवाह कॉन्टॅक्टरच्या तोडण्याच्या क्षमतेच्या आत असावा लागतो. चांगल्या कॉन्टॅक्टरची ही क्षमता किमानापेक्षा बरीच जास्त असते. कॅटलॉगमध्ये ती पाहायची आणि पुरत नसेल तर एक आकार मोठा घ्यायचा. उत्पादकांच्या टाइप टू तक्त्यांत मोटरच्या गरजेपेक्षा मोठा कॉन्टॅक्टर दिसतो, त्यामागे अनेकदा हे एक कारण असतं. खर्च वाचवायला तो लहान करणाऱ्याने काय काढून घेतलं, हे त्याच्या लक्षातही येत नाही.

हे सगळं कागदावर मांडून टाइप टू सिद्ध होत नाही. तो तिघांचा एकत्र घेतलेल्या चाचणीचा निकाल आहे. अमुक ब्रेकर, अमुक कॉन्टॅक्टर, अमुक रिले, अमुक व्होल्टेज. यातलं एक बदललं की तो निकाल त्या फीडरला लागू राहत नाही. एका कंपनीच्या ब्रेकरबरोबर दुसरीचा कॉन्टॅक्टर बसवला आणि दोन्ही उत्तम असले, तरी त्या जोडीची चाचणी झालेली नसते. पंख्यासारखा जड भार सुरू व्हायला वेळ घेतो म्हणून तिसाच्या वर्गाचा रिले लावला, तर दहाच्या वर्गाचा तक्ता चालत नाही. आणि प्रत्यक्षात बिघाड असाच शिरतो. जास्त कार्यक्षमतेची नवी मोटर येते, सुरू होताना तिचा पहिला झटका जुनीपेक्षा मोठा असतो, ब्रेकर उडायला लागतो, मग स्टोअरमध्ये असलेला ४० चा किंवा ५० चा ब्रेकर बसतो. मोटर निमूट सुरू होते. एमसीसीच्या दारावरची 'टाइप टू'ची पाटी मात्र तशीच राहते.

म्हणून रसपंपाच्या त्या वायरमनने ब्रेकर चढवण्याआधी पुढचं करायला हवं. फीडर पूर्ण अलग करून, कुलूप लावून आणि पुरवठा नाही याची खात्री करून कॉन्टॅक्टरच्या तिन्ही पोलांची कंटिन्युइटी घ्यावी. कॉइलला पुरवठा नसताना एकही पोल बोलता कामा नये. हाताने दाबून सोडल्यावर कॉन्टॅक्टर मोकळा मागे यायला हवा. झाकण काढून कॉन्टॅक्ट पाहावेत: नुसते काळे पडलेले चालतात, घासू नयेत, वितळून गोळे आलेले किंवा जोर लावल्यावरच सुटणारे असतील तर कॉन्टॅक्ट-किट बदलावी. रिलेच्या तिन्ही हीटरांचा रोध एकमेकांशी ताडून पाहावा, कारण लहान रेंजच्या रिलेचं हीटर हा सगळ्या फीडरमधला सर्वांत नाजूक भाग असतो आणि जळूनही तो बाहेरून शाबूत दिसतो. शक्य असेल तर टेस्ट-किटने प्रवाह सोडून रिलेची ट्रिपची वेळ पाहावी. फीडरला फ्यूज असतील तर एकच उडाला असला तरी तिन्ही बदलावेत. फीडर टाइप वनचा असेल, किंवा तक्त्यातला एखादा भाग बदललेला असेल, तर ही तपासणी करत बसण्यापेक्षा कॉन्टॅक्टर आणि रिले दोन्ही सरळ नवे बसवावेत. एमसीसीच्या दाराच्या आतल्या बाजूला तिघांचे नेमके मॉडेल क्रमांक लिहिलेला तक्ता चिकटवलेला असेल, तर रात्रपाळीतही हा निर्णय पाच मिनिटांत होतो.