बायोडाटाचा फोटो : किती एडिटिंग प्रामाणिक?

शहापूर-मुरबाडकडे स्थळाचा बायोडाटा आता व्हॉट्सअ‍ॅपवर आधी पोहोचतो आणि बघण्याचा कार्यक्रम नंतर ठरतो. म्हणून माझी कसोटी एकच: कॅमेऱ्याची चूक सुधारावी, माणूस बदलू नये. हातभर अंतरावरून काढलेल्या सेल्फीत नाक मोठं दिसतं. त्यावर उपाय नाक बारीक करणं नव्हे, तर पाच-सहा फुटांवरून दुसऱ्याकडून फोटो काढून घेणं. ट्यूबलाइटची हिरवट झाक काढणं, उजेड वाढवणं, चार दिवसांत जाणारी पुटकुळी पुसणं योग्यच. मात्र तीळ, व्रण, चष्मा आणि वर्ण तसेच राहावेत. उजेड वाढवला की चेहऱ्यासोबत मान, हात, मागची भिंतही उजळते. फक्त चेहराच उजळला असेल, तर तो रंग बदललेला आहे.

“सावळ्या मुलीचं स्थळ फोटोवरूनच नाकारतात, मग काय करायचं?” हा आक्षेप खरा आहे आणि दोष नाकारणाऱ्यांचा आहे. पण गोरा केलेला फोटो नकार टाळत नाही; तोच नकार घरात, पाहुण्यांसमोर आणतो. तेव्हा फोटो काढण्यापूर्वी मोबाइलचा ब्यूटी मोड बंद करा आणि स्टुडिओवाल्यालाही “रंग बदलू नका” असं स्पष्ट सांगा.