वाढीव हप्त्याचं पत्र

समजा, पिंपळगाव रेणुकाईतल्या एका मिरची व्यापाऱ्याचा मुदत विम्याचा हप्ता वर्षाला १२,००० रुपये ठरला. तपासणीत एचबीए१सी ७.६ आलं, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर मधुमेहाच्या पातळीत. मग कंपनीचं पत्र आलं: ५० टक्के जादा, हप्ता १८,०००.

हा दंड नव्हे. त्याच्या वयाच्या निरोगी गटात १०० मृत्यू अपेक्षित असतील, तर अशी साखर असणाऱ्यांत कंपनी १५० धरते.

आदल्या दिवशीच्या जिलेबीने एचबीए१सीचा आकडा वाढत नाही. लोहाच्या कमतरतेने मात्र फसवा वाढू शकतो. म्हणून हिमोग्लोबिनही पाहून फेरतपासणी मागावी. वाढीव हप्त्याला लेखी संमती देऊन फरक भरेपर्यंत विमा सुरू होत नाही.