त्र्याहत्तर पटींचा आकडा
पैसा आणि मन : भाग 7

जानेवारी 2008 मधला दुसरा आठवडा. फोर्टात दलाल स्ट्रीटच्या फुटपाथवर आयपीओच्या फॉर्मचे गठ्ठे मांडून बसलेली मुलं. फॉर्मवर नाव एकाच कंपनीचं, रिलायन्स पॉवर. लोक घरातल्या प्रत्येक डिमॅट खात्यासाठी वेगळा फॉर्म उचलत होते. बायकोचा, आईचा, नुकत्याच नोकरीला लागलेल्या मुलाचा. पॅन कार्डाच्या झेरॉक्स, चेकबुक आणि मनात एकच हिशोब: लिस्टिंगच्या दिवशी विकायचे.

त्या फॉर्मच्या मागे काय होतं ते आधी पाहू. कंपनीचे 13 वीज प्रकल्प आखणीत होते, मिळून सुमारे 28,000 मेगावॅटचे. त्यातला एकही अजून वीज विकत नव्हता. म्हणजे दहा-पंधरा वर्षांनी येणाऱ्या उत्पन्नाचा आजच अंदाज बांधायचा, आणि तोही 405 ते 450 रुपये या किंमतपट्ट्यात. असा अंदाज कोळशाचा पुरवठा, जमीन, वीजदर हे सगळं जाणणाऱ्यालाही अवघड. रांगेतल्या माणसाने तो केला नाही. त्याने शेजाऱ्याकडे पाहिलं.

यावर हसू नये. शेजाऱ्याकडे पाहणं हा मूर्खपणा नसतो, हे ज्यांनी गणिताने दाखवलं ते अभिजित बॅनर्जी मुंबईत जन्मलेले आणि त्यांच्या आई निर्मला माहेरच्या पाटणकर. 2019 मध्ये त्यांना नोबेल मिळालं ते गरिबीवरच्या कामासाठी. पण 1992 मधला त्यांचा एक निबंध कळपाच्या वागण्यावर आहे आणि त्यातलं उदाहरण अगदी घरगुती आहे.

एका गल्लीत दोन खानावळी शेजारी-शेजारी. सर्वसाधारण समज असा की पहिली किंचित बरी. 100 पैकी 51 एवढाच तिच्याकडे कल. शंभर माणसं एकामागून एक येतात. प्रत्येकाला कुणीतरी कानात काही सांगितलेलं आहे. 99 जणांच्या कानात ‘दुसरी चांगली’, एकाच्या कानात ‘पहिली चांगली’. आता तो एक माणूस नेमका सर्वांत आधी येतो आणि पहिल्या खानावळीत शिरतो. दुसरा माणूस बाहेर उभा राहून विचार करतो. मला दुसरी चांगली म्हणून सांगितलंय, पण समोरच्याला नक्कीच पहिली चांगली म्हणून सांगितलं असणार. दोन्ही बातम्या एकमेकींना छेदतात, उरतो तो आधीचा 51 चा कल. तोही पहिल्या खानावळीत जातो. तिसऱ्याला ठाऊक असतं की दुसऱ्याने काहीही ऐकलं असतं तरी तो तिथेच गेला असता, म्हणून दुसऱ्याच्या जाण्यातून त्याला नवं काहीच कळत नाही. तो पुन्हा पहिल्याच माणसाच्या बातमीपाशी येऊन थांबतो आणि आत शिरतो. असं करत शंभरही जण पहिल्या खानावळीत, आणि दुसरी रिकामी. कानातल्या 99 बातम्या वाया गेल्या, कारण त्या कुणी कुणाला सांगितल्याच नाहीत. प्रत्येकजण शहाणपणाने वागला आणि सगळे मिळून चुकले.

आयपीओमध्ये ‘आत किती माणसं बसलीत’ हे दाखवणारा एक आकडा रोज जाहीर होतो: भरणा किती पट झाला. 15 जानेवारीला हा इश्यू उघडला आणि काही मिनिटांतच पूर्ण भरला. 18 तारखेला बंद झाला तेव्हा भरणा 73 पटींच्या आसपास गेला होता. रुपयांत सांगायचं तर साधारण साडेसात लाख कोटींची मागणी. टीव्हीवर तो आकडा झळकला की फॉर्म न भरलेल्या माणसाच्या पोटात कालवाकालव होई.

पण या 73 मध्ये खरी भूक किती होती? इश्यूचा मोठा भाग मोठ्या वित्तसंस्थांसाठी राखीव होता. त्या काळच्या नियमाप्रमाणे त्यांना अर्जासोबत फक्त 10 टक्के रक्कम भरावी लागे. शंभर रुपयांची मागणी नोंदवायला दहा रुपये पुरत. धनवान गुंतवणूकदार पूर्ण रक्कम भरत, पण ती बहुधा काही दिवसांसाठी कर्जाऊ उचललेली असे. राहिला सामान्य माणूस. त्याला वाटप प्रमाणात होतं, म्हणून पंधरा-सोळा शेअर हवे असणाराही 225 मागत होता. त्यातही अर्जाच्या वेळी शेअरमागे 115 रुपये भरून उरलेले नंतर देण्याची सोय होती. भरणा जास्त होणार या अंदाजानेच मागणी फुगवली जात होती, आणि फुगलेली मागणी पाहून पुढचा माणूस आणखी फुगवत होता. बॅनर्जींच्या खानावळीत निदान आत खरी माणसं बसलेली होती. इथे एकेका माणसाने आठ-दहा खुर्च्यांवर रुमाल टाकले होते. माझ्या मते या सगळ्या प्रकरणात सर्वांत फसवी गोष्ट कुठली असेल, तर ती हीच: गर्दी मोजण्याचं माप गर्दीच बिघडवत होती.

आता तोट्याच्या भीतीकडे येऊ. डॅनियल कानेमन आणि अमोस ट्वेर्स्की यांनी 1979 मध्ये मांडलं की माणूस नफा-तोटा एका ठरावीक खुणेपासून मोजतो, आणि त्या खुणेच्या खाली गेल्याचं दुःख तितकंच वर गेल्याच्या आनंदापेक्षा बरंच मोठं असतं. 1992 मध्ये त्यांनी काढलेला अंदाज सव्वादोन पटींचा होता. हजार रुपये गेल्याची टोचणी बुजवायला सव्वादोन हजार मिळावे लागतात, असं ढोबळमानाने समजा.

इथे वाचक विचारेल, तोट्याला एवढा भिणारा माणूस फुग्यात शिरतोच कसा? प्रश्न रास्त आहे. नुसती तोट्याची भीती फुगा फुगवत नाही, उलट ब्रेक लावते. खरेदीचा भाव ही खूण असेल, तर माणूस जपून घेतो आणि थोडा नफा दिसताच विकून मोकळा होतो. पण ती खूण कुठे रोवायची हे आपण एकटे ठरवत नाही. कळप ती उचलून दुसरीकडे रोवतो.

नोव्हेंबर 2007 मध्ये मुंद्रा पोर्टचा शेअर 440 रुपयांना दिला गेला आणि पहिल्याच दिवशी दुपटीहून अधिक भावाला बंद झाला. ज्याने तो घेतला नव्हता त्याच्या खिशातून एक रुपयाही गेला नव्हता. तरी त्याला ‘माझे गेले’ असंच वाटलं, कारण त्याची खूण आता बँकेतली शिल्लक राहिली नव्हती. ती शेजाऱ्याच्या नफ्यावर सरकली होती. दोन महिन्यांनी पुढचा मोठा इश्यू आला, तेव्हा फॉर्म न भरणं हाच त्याला तोटा वाटला, आणि तोटा टाळण्यासाठी तो रांगेत उभा राहिला. एरवी माणसाला बाजारापासून लांब ठेवणारी भीतीच त्याला बाजारात ढकलत होती. त्यात ग्रे मार्केटमधल्या प्रीमियमची कुजबुज. शेअर हातात येण्याआधीच लोक मनात 450 वर तो प्रीमियम मिळवून बसले होते.

पुढचं महिन्याभरात घडलं. 21 जानेवारीला सेन्सेक्स 1,408 अंशांनी कोसळला, दुसऱ्या दिवशी सकाळी बाजार तासभर थांबवावा लागला. कळप उलटा फिरला. फेब्रुवारीत एम्मार एमजीएफ आणि वोक्हार्ट हॉस्पिटल्स यांनी आपापले इश्यू मागे घेतले. 11 फेब्रुवारीला रिलायन्स पॉवरची नोंदणी झाली. सुरुवातीला भाव 450 च्या वर उघडला, पण दिवसअखेर 372 रुपये 50 पैशांवर बंद झाला.

सामान्य अर्जदाराला 20 रुपयांची सूट होती, म्हणजे त्याचा शेअर 430 ला पडलेला. पंधरा शेअर धरले तर तोटा 862 रुपये 50 पैसे. ‘लिस्टिंगला विकायचे’ हे त्याने स्वतःच ठरवलं होतं. मग त्या दिवशी का विकले नाहीत? कारण कळपाने हलवलेली खूण आता परत खरेदीच्या भावावर येऊन घट्ट बसली. “मुद्दल निघालं की सोडतो,” हे वाक्य तेव्हा जिथे तिथे ऐकू येत होतं. नफ्यातला शेअर लवकर विकायचा आणि तोट्यातला सांभाळत बसायचं, या सवयीवर हर्ष शेफ्रिन आणि मेअर स्टॅटमन यांनी 1985 मध्येच लिहून ठेवलंय. याचा बाजारावर परिणाम असा की लोक विकायला येत नाहीत, म्हणून महागलेला भाव रेंगाळत खाली येतो आणि ‘सावरतोय’ असं वाटत राहतं.

कंपनीने नंतर प्रवर्तक सोडून इतरांना पाच शेअरला तीन बोनस दिले. प्रवर्तकांना वगळल्यामुळे हा फायदा कागदी नव्हता, खरा होता. 430 च्या शेअरची सरासरी किंमत 268 रुपये 75 पैशांवर आली. पण अनेकांच्या मनात त्याचा अर्थ एवढाच झाला: आता 269 आले की सुटलो. नवी खूण, नवी वाट पाहणं. ऑक्टोबर 2008 पर्यंत भाव शंभराच्या आसपास आला होता.

कुणी म्हणेल, 2008 मध्ये जगच कोसळलं, त्यात या शेअरचा काय दोष? यासाठी एक साधी तपासणी आहे. बाजार सावरल्यावर शेअर सावरला का? नोव्हेंबर 2010 च्या दिवाळीत सेन्सेक्स पुन्हा 21,000 वर बंद झाला. हा शेअर तेव्हा 200 च्याही खाली होता. 2020 मध्ये तो एक-दोन रुपयांवर आला. जागतिक संकटाने निमित्त दिलं, हे खरं. पण 450 या भावातला मोठा भाग वीज प्रकल्पांचा नव्हता, रांगेचा होता, असंच मला यावरून म्हणावं लागतं. रांगेत संस्थाही होत्या, हे विसरू नका. सगळ्यांबरोबर चुकलेल्या फंड मॅनेजरची नोकरी जात नाही, एकटा चुकलेल्याची जाते.

नियम पुढे बदलले. मे 2010 पासून सेबीने संस्थांनाही अर्जासोबत पूर्ण रक्कम सक्तीची केली, त्यामुळे दहा रुपयांत शंभरांची मागणी दाखवणं बंद झालं. कर्ज काढून केलेली मागणी आणि ग्रे मार्केटची कुजबुज मात्र त्याने थांबली नाही. म्हणून यापुढे भरण्याचा आकडा पाहाल तेव्हा एकूण पटींवर थांबू नका. संस्था, धनवान आणि सामान्य अर्जदार यांचे रकाने वेगवेगळे दिलेले असतात, ते वाचा. आणि तो आकडा पाहण्याआधी, आपल्याला हा शेअर कितीला आणि का घ्यावासा वाटतो, हे दोन ओळींत लिहून ठेवा. शंभरातल्या निदान एकाच्या कानातली बातमी तरी त्यामुळे वाया जाणार नाही.

या आठवड्यात एक करून पाहा. आपल्या शेअरच्या यादीतला खरेदी भावाचा रकाना हाताने झाका आणि प्रत्येक नावापुढे स्वतःला विचारा, आज एवढी रोकड हातात असती तर मी हा शेअर आजच्या भावाने घेतला असता का? ज्यांच्यापुढे उत्तर ‘नाही’ येईल, त्यांच्यावर पेन्सिलीने खूण करा. पुढच्या भागात आपण त्या खुणा केलेल्या नावांपासूनच सुरुवात करू.