भाडेवाढीचे एक कलम, अंदाजपत्रकाची दोन वर्षे

कार्यालयासाठी जागा भाड्याने घेणाऱ्या बहुतेक संस्थांच्या करारात भाडेवाढीचे कलम असते. भारतात त्याची दोन रूपे अधिक आढळतात. काही करारांत भाडे दरवर्षी ठरावीक टक्क्यांनी वाढते, तर अनेक करारांत दर तीन वर्षांनी १५ टक्के वाढ ठरलेली असते. कलम जेमतेम दोन ओळींचे असते. तरीही पुढील पाच वर्षांचे अंदाजपत्रक मांडताना या दोन ओळींमुळेच आकडे वारंवार चुकतात. याचे मुख्य कारण असे की, कराराचे वर्ष आणि एप्रिल ते मार्च हे आर्थिक वर्ष सहसा जुळत नाही.

एक नमुना हिशेब पाहू. एका संस्थेने ४,००० चौरस फुटांची जागा दरमहा प्रति चौरस फूट १०० रुपये दराने नऊ वर्षांसाठी घेतली. करार १ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाला. अंतर्गत सजावटीसाठी मालकाने तीन महिने भाडे माफ केले. त्यामुळे ४ लाख रुपयांचे मासिक भाडे १ जानेवारी २०२६ पासून सुरू झाले. भाडे सुरू झाल्याच्या दिनांकापासून दर ३६ महिन्यांनी, त्या वेळी चालू असलेल्या भाड्यावर १५ टक्के वाढ होईल, असे कलमात नमूद आहे.

येथे पहिला प्रश्न दिनांकाचा आहे. ३६ महिने भाडे सुरू झाल्यापासून मोजायचे असल्याने पहिली वाढ १ जानेवारी २०२९ रोजी लागू होते आणि मासिक भाडे ४ लाख ६० हजार रुपये होते. कलमात ‘करार लागू झाल्यापासून’ असे शब्द असते, तर हीच वाढ १ ऑक्टोबर २०२८ रोजी आली असती आणि २०२८-२९ या एकाच वर्षात १ लाख ८० हजार रुपये अधिक द्यावे लागले असते. म्हणून अंदाजपत्रक तयार करणाऱ्याने टक्केवारीच्या आधी दिनांक वाचला पाहिजे.

दुसरा प्रश्न वाढ कोणत्या रकमेवर, हा आहे. चालू भाड्यावर वाढ असल्याने १ जानेवारी २०३२ पासून मासिक भाडे ५ लाख २९ हजार रुपये होईल. मूळ भाड्यावर वाढ ठरली असती, तर ते ५ लाख २० हजार राहिले असते. दरमहा ९ हजारांचा हा फरक वर्षाला १ लाख ८ हजार रुपयांवर जातो.

आता हेच भाडे महिन्यांप्रमाणे मोजून आर्थिक वर्षांत बसवले, तर पुढील चित्र दिसते.

२०२६-२७ : ४८ लाख रुपये
२०२७-२८ : ४८ लाख रुपये
२०२८-२९ : ४९ लाख ८० हजार रुपये
२०२९-३० : ५५ लाख २० हजार रुपये
२०३०-३१ : ५५ लाख २० हजार रुपये

२०२८-२९ मध्ये नऊ महिने जुने आणि केवळ तीन महिने नवे भाडे असल्याने वार्षिक वाढ ३.७५ टक्केच दिसते. उरलेला भार पुढच्या वर्षी येतो. २०२९-३० मध्ये करारानुसार कोणतीही नवी वाढ नसतानाही खर्च आदल्या वर्षाहून सुमारे १०.८ टक्क्यांनी चढतो. १५ टक्क्यांची एकच वाढ अशा रीतीने दोन वर्षांत विभागली जाते आणि तिचा मोठा हिस्सा दुसऱ्या वर्षाच्या वाट्याला येतो.

अंदाजपत्रक नेमके येथेच फसते. अनेक कार्यालयांत आदल्या वर्षाचा प्रत्यक्ष खर्च घेऊन त्यात ठरावीक टक्के मिळवण्याची पद्धत आहे. २०२८-२९ च्या ४९ लाख ८० हजारांत ५ टक्के मिळवले, तर पुढील वर्षासाठी ५२ लाख २९ हजारांची तरतूद होते. प्रत्यक्षात ५५ लाख २० हजार द्यावे लागतात. २ लाख ९१ हजारांची ही तूट वर्ष सुरू झाल्यानंतर लक्षात येते आणि ती प्रवास, दुरुस्ती किंवा नव्या भरतीच्या तरतुदीतून भरून काढावी लागते.

याच्या उलट चूकही होते. तीन वर्षांचे १५ टक्के म्हणजे वर्षाला ५ टक्के, असे धरून दर एप्रिलमध्ये वाढ दाखवली, तर वरील पाच वर्षांत एकूण सुमारे ९ लाख ३ हजार रुपये जास्तीचे अडकून पडतात. ही चूक सहज उघड होत नाही, कारण २०२९-३० मध्ये दोन्ही हिशेबांतील अंतर अवघे ३६,६०० रुपये असते. त्या एका वर्षावरून पद्धत बरोबर असल्याचा समज होतो.

मासिक भाड्याबरोबर आणखी काही रकमा हलतात आणि त्या वेगळ्या ओळींत दाखवणे आवश्यक असते. अनामत नेहमी सहा महिन्यांच्या चालू भाड्याइतकी असावी, अशी अट असल्यास जानेवारी २०२९ मध्ये ३ लाख ६० हजार रुपये भरावे लागतील. ही रक्कम परत मिळणारी असल्याने ती खर्च नव्हे, परंतु रोख प्रवाहात तिची तरतूद हवीच. इमारतीचे देखभाल शुल्क मात्र अनेकदा प्रत्यक्ष खर्चानुसार किंवा स्वतंत्र दराने आकारले जाते. त्याला भाड्याची टक्केवारी लावू नये. भाड्यावरील १८ टक्के वस्तू व सेवा कराचे क्रेडिट ज्या संस्थेला मिळत नाही, तिच्यासाठी तो करही खर्चच ठरतो. ५५ लाख २० हजारांच्या भाड्यावर तो ९ लाख ९३ हजार ६०० रुपये होतो.

रोख अंदाज आणि लेखापुस्तके यांतील फरकही ध्यानात ठेवावा लागतो. लेखा मानक १९ पाळणाऱ्या संस्थेत अशा भाडेपट्ट्याचा खर्च सर्वसाधारणपणे संपूर्ण मुदतीवर समान वाटला जातो. वरील करारात नऊ वर्षांचे एकूण भाडे ४ कोटी ८४ लाख १७ हजार रुपये होते. संपूर्ण नऊ वर्षे हीच मुदत धरली, तर १०८ महिन्यांत दरमहा सुमारे ४ लाख ४८ हजार रुपये खर्च नोंदला जाईल आणि तो भाडेमाफीच्या महिन्यांतही दिसेल. भारतीय लेखा मानक ११६ लागू असणाऱ्या कंपन्यांत मुदतीतील निश्चित वाढ सुरुवातीलाच भाडेपट्ट्याच्या दायित्वात मोजली जाते. नफ्यातोट्याच्या अंदाजात पुस्तकी आकडा आणि बँकेतून जाणाऱ्या पैशांच्या अंदाजात महिनेवार आकडा, अशी विभागणी ठेवली नाही, तर प्रत्येक तिमाहीत न सुटणारी तफावत निघते.

तपासणीचा एक सोपा मार्ग आहे. करारातील प्रत्येक टप्प्याचे महिने आणि त्याचे मासिक भाडे यांचा गुणाकार करून एकूण रक्कम काढावी. या करारात ३६ महिने ४ लाखांचे, ३६ महिने ४ लाख ६० हजारांचे आणि ३३ महिने ५ लाख २९ हजारांचे आहेत. करार लागू झाल्यापासून सप्टेंबर २०३४ पर्यंतच्या सर्व आर्थिक वर्षांची बेरीज त्याच ४ कोटी ८४ लाख १७ हजारांशी जुळली पाहिजे. ती जुळत नसेल, तर कोठे तरी वाढीचा दिनांक एप्रिलकडे सरकला आहे किंवा वाढ चुकीच्या रकमेवर मोजली गेली आहे.